नियम पाळूनही प्रश्न चुकतो तेव्हा : इंग्रजीतला 'व्हॉट' आणि मराठीतला 'काय'



मी पाचवीला इंग्रजी शिकवते. आपल्या सगळ्यांच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो : 'अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा.' घटक चाचणीत मी एक सोपं वाक्य दिलं होतं : 'रवी एट पोहे अँड अ बनाना.' रेघ मारली होती 'अ बनाना' या शब्दांखाली. (या लेखात इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे मोठ्याने वाचून कानाने तपासता येतील.)

वर्गातल्या एका हुशार मुलीने उत्तर लिहिलं : 'व्हॉट डिड रवी ईट पोहे अँड?'

मी लाल रेघ मारून गुण कापला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील वही घेऊन आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हीच फळ्यावर चार पायऱ्या लिहून दिल्या होत्या. तिने चारही पाळल्यात. मग चूक नेमकी कुठे झाली?"

मी पायऱ्या ताडून पाहिल्या. पहिली, अधोरेखित भागाच्या जागी योग्य प्रश्नार्थक शब्द ठरवा : वस्तू आहे म्हणून 'व्हॉट'. दुसरी, तो वाक्याच्या सुरुवातीला आणा. तिसरी, त्यानंतर 'डिड' घ्या आणि क्रियापद मूळ रूपात लिहा : 'एट'चं 'ईट'. चौथी, उरलेलं वाक्य आहे तसं ठेवा. मुलीने अगदी हेच केलं होतं. वाक्य चुकीचं आहे हे मला कळत होतं, पण का चुकीचं ते सांगता येईना. "इंग्रजीत असं म्हणत नाहीत," एवढंच मी म्हणाले. ते काही उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

त्यानंतर मी जे वाचलं आणि वर्गात करून पाहिलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. चूक मुलीची नव्हती. माझी दुसरी पायरी अपुरी होती, आणि रेघ मी चुकीच्या जागी मारली होती.

मराठीत हा प्रश्न सहज विचारता येतो

आधी मराठीत बघू. 'रवीने पोहे आणि केळं खाल्लं.' यातल्या 'केळं'वर प्रश्न करा : 'रवीने पोहे आणि काय खाल्लं?' अडलं का कुठे? नाही. हॉटेलातला पोऱ्या रोज विचारतो, "चहा आणि काय?"

मराठीत आपण 'केळं' काढलं आणि त्याच जागेवर 'काय' बसवलं. बाकी वाक्य हललंसुद्धा नाही. 'तू कुठे राहतोस', 'हे कोणी केलं', 'ती कधी येणार' : सगळीकडे प्रश्नार्थक शब्द साधारणपणे उत्तराच्याच जागी बसतो. मराठी, हिंदी, जपानी, चिनी या भाषांची रीत अशी आहे.

इंग्रजीची रीत वेगळी. तिथे प्रश्नार्थक शब्द आपली जागा सोडून वाक्याच्या सुरुवातीला जातो आणि मागे रिकामी जागा राहते. 'व्हॉट डिड रवी ईट?' या प्रश्नात 'ईट'च्या पुढे ती रिकामी जागा आहे. ऐकणारा आधी 'व्हॉट' ऐकतो आणि हा शब्द मूळचा कुठला, ते पुढच्या वाक्यात शोधतो.

म्हणजे मराठीत प्रश्न करताना शब्द बदलावा लागतो, इंग्रजीत तो बदलून शिवाय हलवावाही लागतो. मुलीची सगळी अडचण या हलवण्यात आहे.

अंतर लांब आहे म्हणून अडतं का?

मला आधी वाटलं, लांबून शब्द आणावा लागतो म्हणून वाक्य बिघडत असेल. पण तसं नाही. हे वाक्य बघा : 'मदर सेड दॅट रवी एट अ बनाना.' आई म्हणाली की रवीने केळं खाल्लं. प्रश्न होतो : 'व्हॉट डिड मदर से दॅट रवी एट?' हे इंग्रजी अगदी शुद्ध आहे. 'व्हॉट' आतल्या वाक्यातून निघून पार बाहेरच्या वाक्याच्या सुरुवातीला आला. मध्ये आणखी एक 'मीना थिंक्स दॅट' घातलं तरी चालतं.

आता जवळपास तेवढ्याच लांबीचं दुसरं वाक्य घेऊ : 'मदर स्कोल्डेड द बॉय हू एट अ बनाना.' ज्या मुलाने केळं खाल्लं त्याला आई रागावली. चार पायऱ्या लावल्या की येतं : 'व्हॉट डिड मदर स्कोल्ड द बॉय हू एट?' हे वाक्य मोडतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ती माणसं ऐकताक्षणी म्हणतील, हे इंग्रजी नाही.

तिसरा नमुना : 'रवी फेल इल आफ्टर ही एट अ ग्वावा.' पेरू खाल्ल्यावर रवी आजारी पडला. पेरूवर प्रश्न केला की येतं : 'व्हॉट डिड रवी फेल इल आफ्टर ही एट?' अर्थात तिसऱ्या पायरीने 'फेल'चं 'फॉल' होईल, पण ते करूनही वाक्य चुकीचंच राहतं.

अंतर सारखं असूनही एका ठिकाणाहून शब्द बाहेर येतो आणि दुसऱ्या ठिकाणाहून येत नाही. म्हणजे अडथळा त्या ठिकाणात आहे.

रॉस यांची 'बेटं'

जॉन रॉबर्ट रॉस या भाषाशास्त्रज्ञांनी १९६७ साली अमेरिकेतल्या एमआयटीत सादर केलेल्या प्रबंधात अशा ठिकाणांची पद्धतशीर नोंद केली आणि त्यांना 'बेटं' म्हटलं. बेटावरच्या माणसाला होडीशिवाय बाहेर पडता येत नाही, तसा या शब्दसमूहांच्या आतला शब्द बाहेर हलवता येत नाही.

आपल्या प्राथमिकच्या कामाची तीन बेटं वर आलीच आहेत :

१. 'अँड'ने जोडलेली जोडी. तिच्यातला एकच जोडीदार उचलता येत नाही.
२. नाम आणि त्याला चिकटलेलं 'हू', 'विच', 'दॅट'चं उपवाक्य, जसं 'द बॉय हू एट अ बनाना'.
३. 'आफ्टर', 'बिकॉज', 'इफ' यांनी सुरू होणारं उपवाक्य.

यात अर्थाची काही अडचण नाही, हे पालकांना पटवायला एक जोडी उपयोगी पडते. 'रवी एट पोहे विथ अ बनाना' यावरून 'व्हॉट डिड रवी ईट पोहे विथ?' असा प्रश्न होऊ शकतो. 'विथ'च्या जागी 'अँड' घातलं की तोच प्रश्न मोडतो. पोह्यांबरोबर केळं आणि पोहे आणि केळं, ताटात पदार्थ तेच. फरक आहे तो रचनेचा.

'मदर सेड दॅट'मधून शब्द बाहेर येतो आणि 'द बॉय हू'मधून येत नाही, ते का? नोम चॉम्स्की यांनी १९७३ साली याचं एक स्पष्टीकरण दिलं. सोप्या भाषेत सांगायचं तर लांबचा प्रवास शब्द एका उडीत करत नाही. एसटीसारखा तो प्रत्येक उपवाक्याच्या सुरुवातीच्या थांब्यावर थांबतो आणि मग पुढे जातो. 'से दॅट'च्या उपवाक्यात हा थांबा मोकळा असतो. 'द बॉय हू'मध्ये मात्र तिथे 'हू' आधीच बसलेला आहे. 'व्हॉट'ला थांबायला जागा नाही, आणि एकाच उडीत उपवाक्याची आणि नामाची अशा दोन सीमा ओलांडायची मुभा नाही. 'अँड'च्या जोडीला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. ती अट रॉस यांनी वेगळीच मांडली होती.

सगळी बेटं सारखी पक्कीही नसतात. 'आफ्टर ही एट'ऐवजी 'आफ्टर ईटिंग' असं लिहिलं तर तिसऱ्या प्रकारचा प्रश्न काही इंग्रजी भाषकांना चालून जातो. 'अँड'ची जोडी मात्र फोडून चालत नाही.

मग मराठीत बेटं नाहीत का?

आता तीच तीन वाक्यं मराठीत विचारा :

'रवीने पोहे आणि काय खाल्लं?'
'काय खाणाऱ्या मुलाला आई रागावली?'
'काय खाल्ल्यावर रवी आजारी पडला?'

तिन्ही बरोबर. तिसरा प्रश्न तर प्रत्येक डॉक्टर विचारतात. बेटं मराठीतही आहेत, पण इथे 'काय' बेटावरच बसून प्रश्न विचारतो. बाहेर जायचंच नाही, तर अडेल कशाला?

हे तपासायची सोपी युक्ती अशी. मराठीतही आपण शब्द पुढेमागे करतो : 'पेन कोणी घेतलं?' किंवा 'कोणी घेतलं पेन?' दोन्ही चालतं. आता 'तुला कोणी काढलेलं चित्र आवडलं?' यातला 'कोणी' ओढून दूर न्या : 'कोणी तुला काढलेलं चित्र आवडलं?' वाक्य कोसळलं! म्हणजे शब्द हलवायला गेलो की मराठीलाही बेट आडवं येतं.

उलट, इंग्रजीत शब्द हलवला नाही की बेट अडवत नाही. गोंगाटात नीट ऐकू आलं नाही तर इंग्रज माणूसही विचारतो : 'यू हॅड टी अँड व्हॉट?' इथे 'व्हॉट' जागेवरच आहे, म्हणून वाक्य चालतं. अर्थात हा प्रश्न 'काय म्हणालात, पुन्हा सांगा' अशा वेळचा. परीक्षेत प्रश्न म्हणून तो लिहिता येत नाही.

पण 'का' अडकतो

इथवर वाचून वाटेल की जागेवर बसणाऱ्या शब्दांना कसलंच बंधन नाही. मलाही तसंच वाटलं होतं. मग वर्गात एक चित्र दाखवून मुलांकडून प्रश्न करून घेतले :

'कोणी काढलेलं चित्र तुला आवडलं?' : बरोबर.
'कधी काढलेलं चित्र तुला आवडलं?' : बरोबर.
'कुठे काढलेलं चित्र तुला आवडलं?' : बरोबर.
'का काढलेलं चित्र तुला आवडलं?' : मुलं हसली.

शेवटचा प्रश्न कानाला खटकतो. चित्र काढण्यामागचं कारण विचारायचं होतं, पण तसा अर्थ लागत नाही. फार तर 'तुला ते का आवडलं' असा भलताच अर्थ निघतो, म्हणजे 'का' आतल्या 'काढलेलं'ला सोडून बाहेरच्या 'आवडलं'ला जाऊन चिकटतो. (इथे कारण विचारणारा 'का' म्हणते आहे. 'येतोस का?' मधला 'का' वेगळा.) आता 'का'ऐवजी 'कशासाठी' घाला : 'कशासाठी काढलेलं चित्र तुला आवडलं?' लगेच उत्तर येतं : 'स्पर्धेसाठी काढलेलं.'

हाच प्रकार चिनी भाषेत दिसतो. सी. टी. जेम्स हुआंग यांनी १९८२ च्या प्रबंधात तो दाखवून दिला. चिनीतही प्रश्नार्थक शब्द जागेवर बसतो. 'कोण', 'काय' या अर्थाचे शब्द नामाच्या उपवाक्यात बिनधास्त चालतात, 'का' या अर्थाचा शब्द चालत नाही. हुआंग यांचं म्हणणं असं, की जागेवर बसलेला शब्दही अर्थाच्या पातळीवर, आपल्याला न दिसता, वाक्याच्या सुरुवातीला जातो. 'कोण' आणि 'काय' हे नामासारखे शब्द हा अदृश्य प्रवास बेटावरूनही करू शकतात. 'का' मात्र एखाद्या नामाची जागा घेत नाही, तो अख्ख्या घटनेला लटकलेला असतो, म्हणून अडकतो. 'कशासाठी'त 'काय'चंच रूप दडलेलं आहे, म्हणून तो सुटतो. दुसरे काही अभ्यासक मानतात की 'काय' कुठेच जात नाही, बाहेरचा प्रश्नार्थ त्याला जागेवरच बांधून घेतो. या वादाचा निकाल लागलेला नाही. पण 'का' आणि 'कशासाठी'मधला फरक दोन्ही बाजूंना मान्य आहे, आणि तो आपल्याला घरच्या घरी ऐकू येतो.

मराठी आणखी एका ठिकाणी अडखळते, आणि गंमत म्हणजे तिथे इंग्रजी सहज पार होते. 'व्हॉट डिड मदर से दॅट रवी एट?' हा प्रश्न 'की' वापरून मराठीत करा : 'आई म्हणाली की रवीने काय खाल्लं?' अवघडल्यासारखं वाटतं. आपण म्हणतो, 'रवीने काय खाल्लं असं आई म्हणाली?' किंवा 'आई काय म्हणाली, रवीने काय खाल्लं?' या दुसऱ्या रचनेत सुरुवातीचा 'काय' फक्त पुढे प्रश्न आहे अशी सूचना देतो. आपली मुलं 'व्हॉट डू यू थिंक हू विल कम?' असं लिहितात, ते या रचनेचंच भाषांतर आहे. 'तुला काय वाटतं, कोण येईल?' हे मराठीत शुद्ध आहे. इंग्रजीत 'हू डू यू थिंक विल कम?' असं हवं.

वर्गात काय बदललं

आता मी दुसऱ्या पायरीच्या आधी एक पायरी घालते : 'रेघेखालचा शब्द बेटावर आहे का?' शब्दाच्या शेजारी 'अँड' आहे का, तो 'द बॉय हू'सारख्या उपवाक्यात आहे का, 'आफ्टर' किंवा 'बिकॉज'च्या मागे आहे का, एवढं मुलं बघतात. असेल तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे अख्खं बेट उचलायचं. बेटावरचा एक शब्द निघत नाही, पण पूर्ण बेट हलतं. 'पोहे अँड अ बनाना' सगळंच काढलं की 'व्हॉट डिड रवी ईट?' 'द बॉय हू एट अ बनाना' सगळं काढलं की 'हू डिड मदर स्कोल्ड?' 'आफ्टर ही एट अ ग्वावा' सगळं काढलं की 'व्हेन डिड रवी फॉल इल?'

दुसरी वाट म्हणजे शब्दरचना बदलायची : 'व्हॉट डिड रवी ईट अलाँग विथ पोहे?'

तिसरी, दोन वाक्यं करायची : 'मदर स्कोल्डेड अ बॉय. व्हॉट हॅड ही ईटन?'

प्रश्नपत्रिका काढताना मी स्वतःसाठीही एक नियम केला आहे. रेघ मारण्याआधी प्रश्न स्वतः इंग्रजीत करून मोठ्याने वाचायचा. मराठीत मनातल्या मनात करून चालत नाही, कारण मराठी कान 'पोहे आणि काय' ऐकून होकार देतो आणि चूक कळतच नाही. माझं तसंच झालं होतं.

पालकांनाही एक विनंती. मुलाने असा मोडका प्रश्न लिहिला तर 'लक्ष कुठे होतं' असं म्हणण्याआधी त्याच्याकडून तोच प्रश्न मराठीत करून घ्या. मराठीत तो बरोबर आला, तर मुलाला काय विचारायचं ते नीट कळलेलं आहे. त्याला फक्त एवढं दाखवायचं, की 'काय' बसल्या जागी प्रश्न विचारतो, 'व्हॉट'ला मात्र उठून पुढे यावं लागतं, आणि काही जागांवरून त्याला उठता येत नाही.

त्या मुलीचा गुण मी परत दिला. वहीत तिच्या वाक्याखाली लिहिलं : 'पायऱ्या बरोबर, रेघ बाईंची चुकली.' मग तिच्याकडून 'व्हॉट डिड रवी ईट अलाँग विथ पोहे?' असं लिहून घेतलं. तिने ते लिहिलं आणि विचारलं, "बाई, मग 'चहा आणि काय'ला इंग्रजीत काय म्हणायचं?" तुमच्या वर्गात हाच प्रश्न फळ्यावर लिहून बघा. उत्तर शोधताना मुलं 'अँड' सोडून 'विथ'कडे आपणहून वळतात.